चार ओळींचं निवेदन

आपल्या चळवळीत निवेदन लिहिता न येणारा कार्यकर्ता शोधून सापडणार नाही. तहसीलदाराला, वॉर्ड ऑफिसला, पोलीस ठाण्याला, मंत्र्याला. तीन पानी, मुद्देसूद, खाली पन्नास सह्या. मीही त्याच शाळेत शिकले. पण समोर कोपऱ्यावरचा किराणा दुकानदार असेल आणि त्याच्या दुकानात आपल्या बायकांनी केलेला माल ठेवायचा असेल, तर हे सगळं शिक्षण कुचकामी ठरतं. हे मला २०२२ साली कळलं, आणि कळायला दोन महिने व सव्वादोन हजार रुपयांचा माल गेला.

घाटकोपर पूर्वेला रमाबाई आंबेडकर नगरात मी ज्या बचत गटाबरोबर काम करत होते, त्यात दहा बायका. बहुतेक जणी घरकाम करणाऱ्या. कोरोनात निम्म्यांची कामं सुटली ती परत पूर्ण मिळाली नाहीत. त्यांनी चटण्या करायचं ठरवलं. शेंगदाण्याची आणि जवसाची. चटणी उत्तम होती, याबद्दल आजही माझ्या मनात शंका नाही. विकायची कशी हा प्रश्न माझ्याकडे आला, कारण गटात 'बोलणारी' मी.

मग मी बोलायला गेले. स्टेशनच्या बाजूच्या एका जुन्या किराणा दुकानात, हातात फाईल. फाईलमध्ये गटाचे फोटो, ठरावाची प्रत, महिला सक्षमीकरणावर मी स्वतः लिहिलेलं दीड पान. जवळजवळ वीस मिनिटं मी बोलले. शेठ सज्जन होते. मध्ये तीन गिऱ्हाईकं करून त्यांनी ऐकून घेतलं आणि शेवटी म्हणाले, "गरीब बायांना मदत केली पाहिजे, बेन. द्या पाच पाकिटं." गल्ल्यातून रोख अडीचशे रुपये काढून दिले. छापील किमतीचे पूर्ण पैसे! मी वस्तीत येऊन ही बातमी विजयासारखी सांगितली.

दोन महिन्यांनी त्या दुकानात साखर घ्यायला गेले तेव्हा ती पाचही पाकिटं काउंटरखाली, अगरबत्तीच्या खोक्याशेजारी तशीच पडली होती. शेठनी माल घेतलाच नव्हता. त्यांनी दान दिलं होतं. आणि दान देणारा माणूस दुसऱ्यांदा ऑर्डर देत नाही, कारण त्याच्या हिशेबात त्याचं काम पूर्ण झालेलं असतं. चूक त्यांची नव्हती. वीस मिनिटांत मी एकदाही सांगितलं नव्हतं की या पाकिटामागे त्यांना किती सुटणार, ते कुठे ठेवायचं आणि विकलं नाही तर काय. मी फक्त आमची परिस्थिती सांगितली होती, त्यांनी परिस्थितीची किंमत दिली. मधल्या काळात अशाच फाईलच्या जोरावर आणखी सात-आठ दुकानांत पाकिटं टाकून आले होते. त्यांतला बहुतेक माल जुना झाला. तेच ते सव्वादोन हजार.

लिज्जत पापडाची सुरुवात आपण बचत गटांच्या प्रत्येक शिबिरात ऐकवतो. १५ मार्च १९५९, गिरगाव, सात बायका, ८० रुपये उसने, पापडांची पहिली चार पाकिटं. त्या कथेतल्या दोन गोष्टींकडे आपण लक्ष देत नाही. एक, त्या बायकांनी सुरुवातीलाच ठरवलं होतं की तोटा झाला तरी कोणाकडे देणगी मागायची नाही. दुसरी, ती चार पाकिटं भुलेश्वरच्या ओळखीच्या व्यापाऱ्याने घेतली. ओळखीच्या! एका भाषेच्या, एका बाजारपेठेत वावरणाऱ्या समाजात असा एक ओळखीचा व्यापारी निघतोच. समाजशास्त्राच्या वर्गात आम्हाला बोर्द्यूचं सामाजिक भांडवल शिकवलं होतं. त्या ८० रुपयांच्या शेजारी हे दुसरं भांडवल मोजलं तर लिज्जतची कथा कमी प्रेरणादायी होत नाही, फक्त आपल्या बायकांना ती जशीच्या तशी का लागू पडत नाही हे समजतं. आमच्या दहा जणींच्या ओळखीचे दुकानदार होते, पण ते त्यांना उधारीचं गिऱ्हाईक म्हणून ओळखत होते. काउंटरच्या त्या बाजूला ओळखीचं कोणी नव्हतं.

ही उणीव भरून काढायचा बाजारातला जुना मार्ग आम्हाला गटातल्याच एका मावशींनी सांगितला. त्यांचे यजमान कापड बाजारात हमाली करायचे. "माल जांगडवर द्या की," त्या म्हणाल्या. जांगड म्हणजे माल दुकानात ठेवायचा, मालकी आपलीच, विकला तेवढ्याचे पैसे, उरलेला परत. कपड्याच्या आणि हिऱ्याच्या व्यापारात हा शब्द रोजचा आहे. गुजराती, कच्छी, मारवाडी, कोणत्याही शेठला तो समजावून सांगावा लागत नाही. मी 'कन्साइनमेंट' म्हणत बसले असते.

पण जांगड फुकट मिळत नाही. त्याचा हिशेब आम्ही एका रात्री वहीवर मांडला, तो सविस्तर देते, कारण दुकानदाराला सांगायच्या चार ओळी याच हिशेबातून निघतात.

जवसाच्या चटणीचं १०० ग्रॅमचं पाकीट. त्या महिन्याच्या भावाने कच्चा माल १५ रुपये, पाऊच आणि लेबल ४, गॅस व दळण २, पोचवायचा खर्च १. झाले २२. बायकांनी आधी इथेच रेघ मारली होती आणि दुकानाला ३० रुपयांत द्यायचं ठरवलं होतं. भाजणं, कुटणं, भरणं, सील करणं याची मजुरी कोणी धरलीच नव्हती. घरात फुकट राबायची सवय वहीतही उतरते. पाकिटामागे ९ रुपये मजुरी धरली तेव्हा पाकीट ३१ ला पडलं. छापील किंमत ५०, दुकानाला ३८. म्हणजे दुकानदाराला पाकिटामागे १२, गटाला मजुरी वजा जाता ७.

आता वीस पाकिटं एका दुकानात ठेवली तर आमचे ६२० रुपये तिथे अडकले. सतरा विकली गेली तर ६४६ येतात, म्हणजे २६ रुपये उरतात. सोळाच विकली तर ६०८, म्हणजे १२ रुपये खिशातून. परत आलेलं पाकीट आम्ही तोट्यातच धरत होतो, कारण धूळ बसलेलं, हाताळलेलं पाकीट दुसऱ्या दुकानात ठेवणं बरं नाही. तर विसात तीन परत आली तर चालतं, चार आली की तोटा. ही रेघ गटातल्या प्रत्येकीला पाठ होती. दुकानदार ३८ चे ३५ करा म्हणाला तर रेघ आणखी वर सरकते, मग दोनच परत आलेली परवडतात. म्हणून आम्ही उत्तर ठरवून ठेवलं: जांगडवर ३८, रोख घेत असाल तर ३६. रोखीत परतीचा धोका त्यांचा, त्यामुळे दोन रुपये सोडणं आम्हाला परवडत होतं.

चार दुकानांत जांगड म्हणजे २४८० रुपये अडकून. ज्याची ओळख आहे त्याला पहिल्या दिवशी रोख मिळते. ज्याची ओळख नाही तो विश्वास स्वतःच्या भांडवलाने विकत घेतो. आपल्या लोकांच्या धंद्याला भांडवल जास्त का लागतं, या प्रश्नाचं एक उत्तर या २४८० रुपयांत आहे.

हिशेब हातात आल्यावर फाईल घरी ठेवली आणि एका चिठ्ठीवर एवढंच लिहिलं:

"नमस्कार शेठ. आम्ही पंतनगरजवळच्या दहा बायका जवसाची चटणी करतो. कांदा-लसूण नाही.
१०० ग्रॅम, छापील किंमत ५०, तुम्हाला ३८.
२० पाकिटं जांगडवर ठेवतो. दोरीला लटकतात, फळीवर जागा लागत नाही.
पंधरा दिवसांनी शनिवारी दुपारी येऊ. विकली तेवढ्याचे पैसे, उरलेली परत."

खाली मोबाईल नंबर. हेच तोंडाने सांगायचं, अर्ध्या मिनिटात, आणि चिठ्ठी हातात द्यायची. बोलताना एका छोट्या डबीतून चमचाभर चटणी चाखायला पुढे करायची. सक्षमीकरण, गरिबी, कोरोना यातला एकही शब्द नाही.

यातल्या 'कांदा-लसूण नाही' या तीन शब्दांमागेही एक फजिती आहे. आधी आम्ही शेंगदाणा-लसूण चटणी घेऊन टिळक रोडच्या बाजूला फिरलो होतो. तिथलं अर्धं गिऱ्हाईक जैन. दुकानदाराने पाकीट हातात घेतलं, 'लसूण' वाचलं आणि न बोलता परत ठेवलं. तीच चटणी विक्रोळीच्या कन्नमवार नगरात मात्र चालली असती, तिथे मराठी घरं आहेत. तेव्हापासून नियम केला: आधी एक दिवस दुकानासमोर नुसतं उभं राहायचं. कोण येतं, काय नेतं, घरगुती मालाच्या पुड्या टांगलेल्या आहेत का, असल्या तर कितीला. मग कोणता माल न्यायचा ते ठरतं, आणि चिठ्ठीची पहिली ओळ त्या दुकानापुरती बदलते.

वेळेचंही तसंच. बोहणी व्हायच्या आत गेलात तर तुम्ही अपशकुन. संध्याकाळी सहा ते नऊ कोणी मान वर करत नाही. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात लोक वाणसामान भरतात, तेव्हा तर जाऊच नये. आम्ही दहा तारखेनंतर, दुपारी तीनच्या सुमारास जायचो. आणि गल्ल्यावर बसलेल्या माणसाशीच बोलायचं. नोकराला सांगितलेली गोष्ट शेठपर्यंत 'कोणीतरी बाई आली होती' एवढीच पोचते.

चटणीचं नाक मात्र आमच्या हातात नव्हतं. जवसात तेल खूप, ते हवेने खवट होतं. खवट झालेल्या जवसाला रंगाच्या डब्यासारखा वास येतो, कारण रंगात वापरतात ते अळशीचं तेल म्हणजे जवसाचंच. म्हणून प्रत्येक घाण्यातलं एक पाकीट घरी ठेवायचं आणि पंधराव्या, तिसाव्या व पंचेचाळिसाव्या दिवशी उघडून हुंगायचं. पावसाळ्यात पातळ पिशवीतल्या चटणीचे महिन्याभरात गोळे झाले, मिठाने ओल ओढली. जाड पाऊच घेतले तेव्हा ते थांबलं, आणि मुदत आम्ही दोन महिन्यांच्या वर कधी छापली नाही.

आता मी टाळत आलेल्या गोष्टीकडे येते. लेबल.

खाण्याचा माल पाकिटात विकायचा तर अन्न सुरक्षेची नोंदणी लागते. लहान उत्पादकाला आम्ही काढली तेव्हा वर्षाला १०० रुपये फी होती, आणि मिळणारा १४ आकडी क्रमांक पाकिटावर छापावा लागतो. सोबत घटक, वजन, किंमत, तारीख, मुदत, शाकाहाराचं हिरवं चिन्ह, तक्रारीसाठी फोन. आणि बनवणाऱ्याचं नाव व पूर्ण पत्ता. पूर्ण पत्ता म्हणजे रमाबाई आंबेडकर नगर. ११ जुलै १९९७ च्या गोळीबारानंतर हे नाव महाराष्ट्रात कोणाला सांगावं लागत नाही. पाकीट उलटं केलं की चटणी कोणाच्या हातची आहे ते कळणार.

या मुद्द्यावर गटाची बैठक दोन तास चालली. एक ताई, वयाने लहान, म्हणाली की नुसतं 'पंतनगर' टाकू, माझ्या मावसबहिणीच्या खोलीचा पत्ता देऊ. "वाचून कोणी घेणार नाही. मी ज्या घरी भांडी घासते तिथे माझा कप वेगळा आहे, मला माहीत आहे." तिला भित्री म्हणणं सोपं होतं, पण ती अनुभवावरून बोलत होती. बाबासाहेब परदेशातून परतल्यावर, १९१८ साली सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक होण्याच्या आधी, मुंबईत शेअर व्यवहारांवर सल्ला देण्याचा व्यवसाय करून बघत होते. सल्ला घेणाऱ्यांना त्यांची जात कळली आणि गिऱ्हाईक थांबलं. कोलंबियात अर्थशास्त्र शिकलेल्या माणसाच्या सल्ल्याला जात चिकटते, तर आमच्या चटणीचं काय घेऊन बसलात?

शेवटी मावशींनी निकाल लावला. त्या म्हणाल्या, "पत्ता खोटा टाकला आणि कोणी तक्रार केली तर कोणाच्या दारात जातील? तिच्या मावसबहिणीच्या. आणि शेठला एक दिवस कळलं, तर तो जातीवरून नाही, खोटं बोललात म्हणून काढील, आणि तेव्हा तो बरोबर असेल." चळवळीच्या भाषेत मी जे बोलले असते त्यापेक्षा हे पक्कं होतं. लेबलवर पूर्ण पत्ता आला. चिठ्ठीत मात्र आम्ही 'पंतनगरजवळच्या' असंच ठेवलं. मला ते आजही थोडं खुपतं. चिठ्ठी ही ओळख करून देण्यापुरती, पाकीट हा दस्तऐवज, अशी मी स्वतःची समजूत घातली आहे.

निकाल काय लागला? मी प्रत्येक भेटीनंतर वहीत नोंद करत होते, शिक्षणाची सवय. अकरा दुकानं. चार हो, सात नाही. सातांपैकी दोघांनी जागा नाही म्हटलं. एकाने जवस इथे चालत नाही म्हटलं. एकाला जीएसटीचं बिल हवं होतं. चाळीस लाखांच्या आत उलाढाल असल्याने आमची नोंदणी नव्हती, आम्ही क्रमांक घातलेलं साधं बिल देत होतो, त्याला ते नको होतं. एका ठिकाणी मालक तीन खेपांत भेटलेच नाहीत. हे पाच नकार धंद्याचे, त्यांच्यावर माझा राग नाही.

उरलेले दोन. दोघांनी चटणी चाखली, चांगली म्हणाले, एकाने तर दर मान्य केला. मग पाकीट उलटं केलं, वाचलं. आवाज बदलला. "बघू, फोन करतो." फोन आला नाही. यावर मी न्यायालयात उभी राहू शकत नाही, भाषणही करणार नाही. 'बघू' या शब्दाला पुरावा नसतो. पण अकरातले दोन हा आकडा मी वहीतून खोडणार नाही, आणि प्रत्येक नकारात जात शोधणाऱ्या आपल्या मित्रांनी त्या आधीचे पाचही मोजावेत अशी माझी विनंती आहे. दोन्ही मोजले तरच पुढच्या दुकानात काय बदलायचं आणि काय आपल्या हातात नाही, हे कळतं.

चार 'हो' मधलंही सगळं गोड नाही. एका दुकानात दोन फेऱ्या लागोपाठ पाच पाच पाकिटं परत आली. हिशेबाची रेघ ओलांडली होती, आम्ही आभार मानून माल काढला. दुसऱ्या दुकानात चौदा विकली आणि पैसे दहाचे, "बाकी पुढच्या वेळी". पुढच्या वेळी पुन्हा तेच. छोट्या उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावेत असा कायदा आहे, पण दीडशे रुपयांसाठी कोण दाद मागायला जातं? तिथे उपाय एकच: पहिल्याच दिवशी दोन प्रतींची चिठ्ठी, पाकिटं किती, तारीख, दुकानाची सही किंवा शिक्का. आम्ही ती केली नव्हती. त्यानंतर प्रत्येक दुकानात केली, आणि मागचे पैसे आल्याशिवाय नवी पाकिटं टांगली नाहीत.

उरलेली दोन दुकानं तिसऱ्या फेरीपासून रोखीवर आली, ३६ ने. त्यातलं एक ते पहिलंच, जिथे पाच पाकिटं अगरबत्तीच्या शेजारी पडली होती. तिथे मी पुन्हा जाणार नव्हते, लाज वाटत होती. ती लहान ताई गेली, चिठ्ठी घेऊन. शेठनी चिठ्ठी वाचली, पाकीट उलटं केलं, पत्ता वाचला, परत सुलटं केलं आणि विचारलं, "परतीचा माल नक्की नेणार ना?" तिने हो म्हटलं. त्यांनी दोरी कुठे बांधायची ते दाखवलं.

मला त्यांनी मदत केली होती. तिच्याशी त्यांनी व्यवहार केला.

जय भीम.